तक्रारींची वही आणि रविवारची रात्र

वाचकाचं पत्र

*मी लातूरची, वय ३४. सासरी औशाजवळ पाच एकर कोरडवाहू आहे, ते नवरा बघतो. लेकराच्या शाळेसाठी आम्ही खाडगाव रोडला भाड्याने राहतो. माझ्या हाताला चव आहे असं सगळेच म्हणतात. दोन महिने बसून ट्यूशन एरियातल्या ११ मेसचे गुगलवरचे एक आणि दोन स्टारचे रिव्ह्यू वाचले आणि वहीत तारखेसकट १६३ तक्रारी उतरवल्या. निम्म्याहून जास्त चवीच्या आहेत: भाजीत पाणी, पोळी कच्ची, तेल वाईट. म्हणजे चांगल्या चवीची मेस इथे नाही, हे उघड आहे. एक गाळा बघून ठेवलाय, पाच लाखांचं कर्ज काढायचं म्हणते. दीर म्हणतात, वेड लागलंय. वहीचे फोटो सोबत पाठवते. काढू का मेस?*

उत्तर

ताई, वहीचे फोटो सगळे बघितले, काही पानं दोनदा बघितली. तारीख, मेस, तारे आणि तक्रार असे चार रकाने आखून तुम्ही नेटाने काम केलंय. गाळा घेणारी बरीच माणसं याच्या पाव हिश्श्याएवढीही चौकशी करत नाहीत. म्हणून ही वही मी गांभीर्याने घेतली आणि तिच्यात जे आहे त्यावरूनच बोलते.

आधी चवीचं बघू, कारण तुमचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. तुमच्याच वहीच्या तिसऱ्या पानावर एका मेसचा दर आहे: दोन वेळचं जेवण, महिना ३,००० रुपये. तीस दिवसांची साठ जेवणं, त्यातून मेस बंद असते त्या चार रविवारच्या रात्री वजा केल्या की ५६ उरतात. म्हणजे एका ताटाला साधारण ५४ रुपये पडतात. त्या ५४ रुपयांत गाळ्याचं भाडं, गॅस, पोळ्या लाटणाऱ्या बायकांची मजुरी, भाजी, डाळ, तेल आणि मालकाचं घर एवढं सगळं बसवायचं असतं. भाजीतलं पाणी तिथून येतं. त्या मेसवाल्याच्या घरी स्वयंपाक पातळ होत असेल असं मला वाटत नाही. उद्या तुम्ही गाळ्याचं भाडं भरायला लागलात आणि दर तीन हजारच ठेवलात, तर सहा महिन्यांत तुमच्याही भाजीत तेच पाणी येईल. दर चार हजार ठेवलात तर ही तक्रार करणारी पोरं तुमच्याकडे येतील का, हे वहीत कुठेच दिसत नाही.

आता तारखांकडे बघा. चवीच्या तक्रारी जुलै ते सप्टेंबरात दाटीने आहेत आणि दिवाळीनंतर विरळ होत गेल्या आहेत. मेसचा स्वयंपाक दिवाळीनंतर सुधारला असं काही झालेलं नाही. जूनमध्ये दहावी उरकून परळी, उदगीर, देगलूर, कळंब अशा गावांहून लेकरं येतात आणि आयुष्यात पहिल्यांदा आईच्या हातचं सोडून दुसऱ्याच्या हातचं खातात. पहिले तीन महिने घास उतरत नाही. त्यात घरची आठवणही असते, ती रिव्ह्यूत चवीच्या नावाने उतरते. हे लेकरू तुमच्याकडे आलं तरी जुलैत हेच लिहील.

तिसरी गोष्ट, आणि ही तुम्हाला गाडी न काढता तपासता येईल. ज्या मेसवर चवीच्या सगळ्यात जास्त तक्रारी आहेत, तिथे जेवायला रांग आहे का? रात्री आठला जाऊन दहा मिनिटं उभं राहून बघा. तक्रारी असूनही वर्षानुवर्षं मेस भरलेली असेल तर त्याचा अर्थ असा की लोक कुरकुर करतात पण पैसे तिथेच देतात. ज्या तक्रारीमुळे गिऱ्हाईक उठून जात नाही, त्या तक्रारीवर दुसरं दुकान चालत नाही.

हे मी पैसे घालवून शिकले. काही वर्षांपूर्वी परभणीला वसमत रोडवर आम्ही इस्त्री आणि धुलाईचं दुकान टाकलं. आजूबाजूच्या दुकानांबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचून एकच गोष्ट डोक्यात बसली होती: कपडे वेळेवर मिळत नाहीत. आम्ही पाटीच लावली, चोवीस तासांत कपडे. पावसाळ्यात दुकान उघडलं आणि चार महिने कुणाला घाईच नव्हती. मग मी तेच रिव्ह्यू पुन्हा उघडून तारखा पाहिल्या, तर उशिराच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी एप्रिल आणि मेमधल्या निघाल्या. लग्नसराईत सगळ्या गावाला एकाच दिवशी शेरवानी आणि साड्या हव्या असतात, तेव्हा कुणाचंच काम वेळेवर होत नाही. एरवी त्याच दुकानांत दोन दिवसांत कपडे मिळत होते. दीड महिन्याच्या अडचणीसाठी आम्ही बारा महिन्यांचं भाडं आणि दोन माणसांचा पगार अंगावर घेतला होता. तेव्हापासून तक्रारीआधी माझी नजर तारखेवर जाते. तुम्ही तारखा लिहिल्यात, ते फार बरं केलंत.

तुमच्या वहीत एक मोठी फट राहिली आहे. तुम्ही फक्त एक आणि दोन स्टार वाचले. एक स्टार देणारा माणूस बहुतेकदा संतापलेला असतो. केस निघाला, मालक उद्धट बोलला, अनामत परत दिली नाही. त्यातल्या काही नोंदी तर शेजारच्या धंदेवाल्याने पेरलेल्या असतात. एकाच दिवशी तीन-चार एक स्टार आले आणि त्या प्रत्येक नावाने आयुष्यात तेवढा एकच रिव्ह्यू लिहिलेला असेल, तर ते बाजूला ठेवा. नावावर बोट ठेवलं की त्याने आणखी कुठे काय लिहिलंय ते बहुतेकदा दिसतं. तुमच्या वहीतल्या सातव्या पानावरच्या पाच नोंदी मला अशाच वाटतात. भरभरून पाच स्टारचंही तेच. नवी मेस उघडल्याच्या आठवड्यात ओळीने आलेलं 'एक नंबर जेवण' मोजायचं नसतं.

कामाचा माणूस तीन आणि चार स्टारमध्ये सापडतो. तो तिथे रोज जेवतो, पैसे भरतो, रागावलेला नाही, आणि तरी लिहितो: 'जेवण बरं आहे, जागा स्वच्छ आहे, पण...' या 'पण'नंतरचं वाक्य वहीत उतरवायचं. तो माणूस गिऱ्हाईक आहे हे आधीच ठरलेलं असतं आणि आहे ती मेस त्याला नेमकं काय देत नाही, ते तो शांतपणे सांगत असतो.

तुमच्या यादीतल्या मेसचे हे मधले रिव्ह्यू मी एक संध्याकाळ बसून वाचले. रिव्ह्यूच्या भागात वर `Sort` असतं, तिथे आधी `Most relevant` लावलेलं असतं. त्यात चार वर्षांपूर्वीचं आणि कालचं एकत्र येतं. ते बदलून `Newest` करायचं आणि तारे बघत खाली यायचं. दीड-दोन वर्षांमागचं सोडून द्यायचं, कारण तोवर मालक, आचारी, कधी कधी पत्ताही बदललेला असतो. रिव्ह्यूंमध्ये शब्द शोधायची सोयही आहे. तिथे देवनागरीत टाकून थांबू नका. आपली पोरं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं असतं. `usheera`, `ushira`, `late`, `khada`, `sunday`, `ravivar`, `band` असं एकेक टाकून बघायचं. हिंदीतही भरपूर सापडतं.

त्या 'पण'मध्ये दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. एक, खाडा धरत नाहीत. दोन, रविवारी रात्री मेस बंद.

खाड्याचं आधी सांगते, कारण ते बघताक्षणी मोह होतो. पोरगं चार दिवस गावी गेलं तर तेवढे पैसे वजा व्हावेत, एवढंच त्याचं मागणं असतं. रास्त वाटतं. पण मेसवाला किराणा महिन्याचा भरतो, बायकांची मजुरी महिन्याची ठरवतो, भाडं तर ठरलेलंच. एका ताटाचा खाडा धरला तर त्याची फार फार तर भाजी आणि कणीक वाचते, द्यावे लागतात पूर्ण ५४ रुपये. पोळा, दसरा, दिवाळी, लग्नं अशा वेळी निम्मी मेस एकदम गावी जाते. खाडा मोकळ्या मनाने धरणारी मेस त्या महिन्यात भाडं कशातून देणार? ही तक्रार खरी आहे, सगळ्या मेसवर आहे, आणि तरी तिच्यावर धंदा उभा राहत नाही. ती सोडून द्या.

रविवारची गोष्ट वेगळी निघाली. तिच्याखाली दोन मालकांनी उत्तरं दिली होती. मालकाचं उत्तर नेहमी वाचावं, कारण ते जाहिरात म्हणून लिहिलेलं असलं तरी चुकून खरं कारण सांगून जातं. एकाने लिहिलं होतं की स्वयंपाकाच्या बायकांना आठवड्यातून एक वेळ सुट्टी द्यावीच लागते. दुसऱ्याने लिहिलं होतं की दुपारी गोडाधोडाचं जेवण असतं, मग रात्री मुलं येतच नाहीत. दोन्ही खरी आहेत. सहा दिवस दोन वेळा शंभर-दीडशे माणसांच्या पोळ्या लाटणारी बाई रविवारी संध्याकाळी तिच्या घरी असणार. मालकाने आग्रह केला तर सोमवारी ती दुसऱ्या मेसवर जाईल. म्हणजे आहे त्या मेसला हे दुरुस्त करायचं तर मनुष्यबळ वाढवावं लागतं आणि त्याचे जास्तीचे पैसे मिळत नाहीत, कारण महिन्याचा दर तोच राहतो. तक्रार ऐकू येत असूनही मालक ती दूर का करत नाही, याचं कारण असं त्याच्या खिशाला पीळ पाडणारं असेल, तर दुसऱ्याला तिथे शिरायला जागा असते. मालक नुसता आळशी असेल तर तुम्ही दुकान टाकल्यावर आठ दिवसांत तो सुधारतो आणि तुमची जागा जाते.

पण लगेच पातेलं चढवू नका. रविवारी रात्री मेस बंद म्हणून लेकरं उपाशी झोपतात का? बहुतेक झोपत नाहीत. मुलं ट्यूशन एरियात बाहेर पडतात, गाड्यावर नूडल्स, वडापाव, अंडाभुर्जी खातात आणि आठवड्यातली ती एकच मोकळी संध्याकाळ त्यांना आवडते. त्यांच्याकडे तुमचा वरणभाताचा डबा घेऊन गेलात तर ते दोन रविवार कौतुक करतील आणि तिसऱ्या रविवारी गाड्यावर दिसतील. म्हणून तुमच्या वहीत मी पाचवा रकाना वाढवायला सांगते: मग त्याने काय केलं? तक्रार लिहिणाऱ्याने त्या वेळी पुढे काय केलं, किती पैसे घातले, कुणाची मदत घेतली, हे ज्या नोंदीत सापडेल ती नोंद इतर दहा नोंदींच्या तोलाची आहे. 'रविवारी मेस बंद, फार वाईट' यातून काही कळत नाही. 'रविवारी मेस बंद, पार्सल मागवायला १६० लागले' यातून दर कळतो.

हा रकाना भरायला मेसचं पान पुरत नाही. मी त्याच रस्त्यावरच्या मुलींच्या हॉस्टेलांचे रिव्ह्यू उघडले. तिथे चार स्टारच्या एका नोंदीवर मी थांबले. लिहिणारे कुणाचे तरी वडील आहेत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय, चुकांसकट. हॉस्टेल सुरक्षित आहे, मॅडम चांगल्या आहेत, पण रविवारी रात्री मेस बंद असते आणि गेट लवकर बंद होतं, मुलगी बिस्किटं खाऊन झोपते, आम्ही गावाहून येताना दशम्या आणतो त्या बुधवारपर्यंत पुरतात. एवढंच. दुसऱ्या हॉस्टेलवर एकीने लिहिलं होतं की खोलीत इंडक्शन लावू देत नाहीत. तिसऱ्यावर, पार्सलवाल्याला गेटच्या आत घेत नाहीत, खाली जाऊन आणावं लागतं आणि तोवर वेळ संपते.

ताई, तुमची जागा मला इथे दिसते. मेसची सुट्टी आणि हॉस्टेलचं गेट या दोन गोष्टी एकमेकींवर पडतात तेवढ्या तीन-चार तासांत मुलींना बाहेर जाता येत नाही, आत शिजवता येत नाही आणि मागवताही धड येत नाही. मेसच्या पानावर ही तक्रार अर्धीच दिसते, कारण मेसवाल्याला गेटचं माहीत नसतं. हॉस्टेलच्या पानावर उरलेली अर्धी दिसते. आणि लिहिणारे वडील आहेत हे महत्त्वाचं, कारण पैसे तेच पाठवतात. मुलीला नूडल्स चालतील, बापाला तिने पोळी-भाजी खावी असं वाटतं.

मात्र रिव्ह्यू माणसाला इथपर्यंतच आणून सोडतात. तीन-चार नोंदींवरून किती मुली आहेत ते कळत नाही. कितीतरी मुली स्वतःच्या नावाने कधीच काही लिहीत नाहीत आणि खेड्यातले बरेच आईबाप रिव्ह्यू लिहीतच नाहीत. पुढचं पायी जाऊन विचारायचं. घराजवळची पाच-सहा मुलींची हॉस्टेलं निवडा, शनिवारी दुपारी जा, रेक्टर मॅडमना भेटा. त्यांना विचारायचे प्रश्न साधे आहेत: गेट किती वाजता बंद होतं, रविवारी रात्री किती मुली थांबतात, बाहेरचा डबा खाली ठेवून घ्याल का. मुलींना 'घरगुती डबा सुरू केला तर घ्याल का' असं अजिबात विचारू नका. त्याला कुणी नाही म्हणत नाही. 'मागच्या रविवारी रात्री काय खाल्लं, कुठून आणलं, किती लागले' एवढंच विचारा आणि उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्या. 'काही नाही, झोपले', 'फरसाण', 'मैत्रिणीकडून दशमी' अशी उत्तरं जास्त आली तर रिव्ह्यूतलं खरं आहे. 'आम्ही सहाला बाहेर जाऊनच खाऊन येतो' असं निम्म्यांनी म्हटलं, तर वही मिटा. तेवढ्यात तुमचा खर्च रिक्षाचाच झालेला असेल.

आणखी एक तपास विसरू नका. तुमच्या आधी कुणी हे केलं होतं का? एखाद्या बंद पडलेल्या डबेवालीचं नाव मुलींच्या किंवा रेक्टरच्या बोलण्यात आलं तर ते नकाशावर टाकून बघा. बऱ्याचदा `Permanently closed` असं लिहिलेलं पान तसंच असतं आणि खाली जुने रिव्ह्यू असतात. त्यात डब्याची स्तुतीच स्तुती असेल आणि तरी ते बंद झालं असेल, तर गिऱ्हाईक होतं पण पैसे उरत नव्हते, असं समजायचं. शक्य झालं तर त्या बाईंना गाठून सरळ विचारा. धंदा बंद केलेलं माणूस चालू असलेल्यापेक्षा मोकळेपणाने बोलतं.

आता हिशेब करू, म्हणजे पाच लाखांचाही प्रश्न सुटेल. समजा डबा ८० रुपयांचा: चार पोळ्या, एक सुकी भाजी, वरण, भात, लोणचं. पहिल्या रविवारी ३० डबे धरू, म्हणजे २,४०० रुपये आले. किराणा आणि भाजी डब्यामागे ३६ धरली तर १,०८०. फेकायचा डबा आठ रुपयांचा, त्याचे २४०. गॅस १२०. लाटायला एक बाई अडीच तास, २५०. रिक्षा १५०. बेरीज १,८४०, हातात ५६० रुपये. महिन्याचे चार रविवार, २,२४० रुपये. ६० डबे झाले तर बाईंना ४०० द्यावे लागतील, गॅस २०० लागेल, रिक्षा तेवढीच राहील. ४,८०० मधून ३,३९० गेले, १,४१० उरले, महिन्याचे साधारण ५,६००. आकडे तुमच्या बाजारभावाने बदलून घ्या, ढोबळ चित्र हेच राहील.

पाच लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता १०,९०० च्या आसपास बसतो. वर्षाचे बारा हप्ते येतात. लातुरात लेकरं बारा महिने नसतात. नीटची परीक्षा साधारण मेच्या पहिल्या रविवारी होते आणि ती झाली की गल्ल्या ओस पडतात, ते जूनमध्ये नवे वर्ग भरेपर्यंत. दिवाळीचे दिवस वेगळेच. दीर वेड म्हणाले ते मला रुचलं नाही, पण हा हप्ता आणि हे रिकामे महिने त्यांच्या मनात असतील तर त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. कर्ज आत्ता काढू नका. गाळ्याला नाही म्हणून सांगा. हा डबा तुमच्या आताच्या स्वयंपाकघरात होतो, फक्त विकण्यासाठी शिजवायचं म्हणून FSSAI या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे नोंदणी आधी करून घ्या. ती त्यांच्या `FoSCoS` या वेबसाइटवर ऑनलाइन होते, आणि नोंदणीचा कागद दाखवला की रेक्टर मॅडमही दारात ताटकळत ठेवत नाहीत.

महिन्याच्या दोन-सव्वादोन हजारांसाठी एवढं कशाला, असं तुम्हाला वाटेल. माझं म्हणणं असं की तुमच्या चवीला पैसे पडतात का, हे तपासायचा याहून स्वस्त रस्ता मला दिसत नाही. भाडं नाही, हप्ता नाही, आणि मेसवाल्यांशी भांडणही नाही, कारण त्यांची चूल त्या रात्री बंदच असते. उलट एखादा मेसवाला स्वतःच्या मुलींना तुमचा नंबर देईल, त्याच्यावरची तक्रार तेवढीच कमी होते. पुढे आजारी पडलेल्या मुलींसाठी पथ्याचा डबा मागितला जाईल असं मला त्या रिव्ह्यूंवरून वाटतं. मऊ भात, मुगाचं वरण, ज्वारीची कण्या-आंबील, हे दीडशे माणसांची मेस वेगळं शिजवू शकत नाही. पण ते आता नको. एक गोष्ट आधी उभी राहू द्या.

सुरुवात अशी करा. चार रविवारचे ३२० रुपये आगाऊ घ्या. तोंडी होकार मोजू नका, पैसे आलेले मोजा. आणि आकडा आधीच वहीत लिहून ठेवा: २५ मुलींचे पैसे आले तर शिजवायचं, नाही आले तर आलेले परत करून महिनाभर थांबायचं. हा आकडा नंतर ठरवला तर माणूस १४ वरही मनाची समजूत घालतो. डबा गेट बंद व्हायच्या तासभर आधी पोचला पाहिजे, म्हणजे गेट आठचं असेल तर साडेसहाला रिक्षा निघाली पाहिजे. शिजलेलं अन्न कोमट होऊन दोन तासांपेक्षा जास्त पडून राहू नये, म्हणून दुपारीच भाजी करून ठेवायचा मोह टाळा. लातूरच्या उन्हात शेंगदाण्याचं कूट घातलेली पातळ भाजी संध्याकाळपर्यंत फसफसते. सुरुवातीला वांगं, बटाटा, मटकी अशा सुक्या भाज्या बऱ्या.

चार रविवार झाले की किती जणींनी पुन्हा पैसे भरले ते बघा. तीसपैकी वीस परतल्या तर पुढच्या हॉस्टेलकडे जा. दहाच्या आत परतल्या तर थांबून त्या न परतलेल्या मुलींना पुन्हा तोच प्रश्न विचारा: काल रात्री मग काय खाल्लं? आणि मुलींना 'पाच स्टार दे, एक डबा फुकट' असं कधी सांगू नका. फुकटाच्या बदल्यात रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमात बसत नाही. शिवाय तुम्हाला जे 'पण'नंतरचं वाक्य हवं आहे, ते असल्या रिव्ह्यूत येत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये यातलं काही सुरू करू नका. त्या दिवसांत मुली अभ्यासात बुडालेल्या असतात आणि मेमध्ये निघून जातात, मग चार रविवारांचा अंदाजच चुकतो. जूनच्या शेवटी हॉस्टेलं भरायला लागतात, तेव्हा आईबाप सामान घेऊन स्वतः दारात उभे असतात. रेक्टर मॅडमना विचारून त्या दोन आठवड्यांत शनिवार-रविवार तिथे जाऊन बसा, सोबत एक भरलेला डबा ठेवा, आणि बापाला तो उघडून दाखवा.